पुन्हा एकदा

आमच्या घरात वडिलांचं हलतं चित्र एकच आहे, चौदा सेकंदांचं. मागे सुरूच्या झाडांची काळी रांग, समोर धो धो पाऊस, पावसात बैलजोडी आणि जोडीमागे इरलं घेतलेले आबा. आवाज आहे तो पावसाचा, आबांचा नाही. घरी आलेले लोक ते बघतात आणि म्हणतात, काय अस्सल आहे हो! मी मान डोलावतो. त्या चौदा सेकंदांत अस्सल किती आणि बनवलेलं किती, हे मला चांगलं माहीत आहे. कारण ते बनवायला मीच हातभार लावला होता.

ही गोष्ट २०११ च्या जुलैतली. तेव्हा आम्ही अजून ठाणे जिल्ह्यातच होतो. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. अर्नाळा म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, बेटावरचा किल्ला आठवतो, सुकी मासळी नाहीतर रविवारची गर्दी. भातशेती कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. पण विरारहून एसटीने येताना आगाशी मागे पडली की रस्त्याच्या कडेला केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमध्ये अधूनमधून सखल खाचरं दिसतात. आणखी खाली, वैतरणेच्या खाडीच्या अंगाला, मऊ जमिनीची खाचरं. आमची तशी चार होती. दोन रस्त्यालगत, मोठी आणि कडक बुडाची. दोन खाडीच्या बाजूला, लहान आणि पोटरीभर रुतणारी.

हे चार तुकडे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. वरच्या दोन खाचरांत आबा दोन-तीन वर्षांपासून भाड्याचा पॉवर टिलर घालत. दोन तासांत चिखलणी उरकायची. खालच्या दोन खाचरांत मात्र टिलर रुतायचा. एकदा रुतला तेव्हा तो बाहेर काढायला आठ माणसं लागली होती. म्हणून त्या दोन तुकड्यांसाठी आबांनी बैलजोडी ठेवली होती, मोऱ्या आणि खंड्या. गावातले लोक हसायचे. वर्षातल्या सहा दिवसांसाठी बारा महिने वैरण घालतो म्हणायचे. आबा म्हणायचे, "सहा दिवस नाय, सहा दिवसांसाठी दुसरं कोण हाय?"

माझा एक कॉलेजातला मित्र मुंबईत फिल्मचं काम करायचा. त्याला पावसातल्या शेतीवर छोटी फिल्म करायची होती. फार गोड निवेदन नाही, संगीत नाही, कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा आणि जे घडतं ते टिपायचं. त्याचा विचार मला आवडला. मीच त्याला म्हटलं, आमच्याकडे ये, पुनर्वसू नक्षत्रात लावणी असते. आबांना विचारलं ते त्याला होकार देऊन झाल्यावर. आबा एवढंच म्हणाले, "तुझा माणूस हाय. येऊ दे."

लावणीचं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढे काय बिघडलं ते कळणार नाही. उन्हाळ्यात राब भाजलेल्या जागी पावसाच्या तोंडावर भात पेरतात. तिथे दाट हिरवं रोप उगवतं, त्याला आमच्याकडे आवण म्हणतात. एकरभर लावायला चारेक गुंठे आवण लागतं. एकवीस ते पंचवीस दिवसांत ते चार-पाच पानांवर येतं. मग ते उपटून मुळांचा चिखल पाण्यात धुवायचा, मुठी बांधायच्या आणि खाचरात टाकायच्या. त्याआधी खाचरात चिखलणी झालेली असते. चिखल झाला की बैलांमागे किंवा टिलरमागे फळी फिरवून तो सपाट करतात. फळीचं काम दिसायला किरकोळ, पण अर्धी शेती त्यात आहे. फळी चांगली फिरली तर सगळ्या खाचरात पाणी सारखं, दोन-चार बोटं राहतं. एखाद्या जागी खड्डा राहिला तर तिथलं रोप बुडून कुजतं, उंचवटा राहिला तर तिथे तण माजतं. फळी फिरवल्यावर चिखल एक रात्र बसू द्यायचा. अगदी ताज्या चिखलात रोप खोल जातं, आणि खोल गेलेल्या रोपाला फुटवा कमी येतो. दोन-तीन काड्यांचा चूड, दोन बोटं खोल, वीतभर अंतरावर. बाया हे बोलत बोलत, न बघता करतात.

मित्र आला त्याच्या आदल्या दिवशी रस्त्यालगतच्या मोठ्या खाचरात टिलरने चिखलणी झाली होती आणि फळीही फिरली होती. सकाळी सातला विरार पूर्वेच्या पाड्यांवरच्या आठ बाया आल्या आणि लावणी सुरू झाली. पाऊस मस्त लागला होता. मित्र विरारहून एसी लावलेल्या गाडीतून आला, कॅमेरा काढला, बांधावर ठेवला आणि डोळा लावून बघतो तर सगळं धुकं. गार झालेल्या काचेवर आपल्याकडच्या दमट हवेचा दव धरतो. पुसला तरी पुन्हा धरतो, कारण ती काच आतूनच गार असते. तिला बाहेरच्या हवेत अर्धा-पाऊण तास नुसतं पडू द्यावं लागतं. तो बिचारा पुसत राहिला. तोवर बायांनी खाचराचा एक कोपरा लावून टाकला होता.

काच निवळल्यावर त्याने जे केलं ते मला आजही आवडतं. आमच्या तुसाची एक पिशवी मागून घेतली, बांधावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला, वरून प्लास्टिक घातलं आणि स्वतः चिखलात पोटावर पडला. तिपाई चिखलात एकेका पायाने रुतत जाते, चित्र हळूहळू कलतं, तुसाची पिशवी मात्र जागची हलत नाही. त्या उंचीवरून बायांची तोंडं दिसत नव्हती. दिसत होती ती बोटं, चुडाभोवती चिखल दाबणारा अंगठा आणि मागे मागे सरकणारे पाय. एकीच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, तिने त्यावर हळद-तेलाचं बोट फिरवलेलं होतं, तेही दिसत होतं. मी मागून पडद्यावर ते पाहिलं आणि मला वाटलं, मी या खाचरात जन्म काढला आणि हे कधी पाहिलंच नव्हतं. आपण शेताकडे उभ्याने बघतो. शेतात काम करणारी माणसं वाकलेली असतात.

तासाभराने तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पाऊसच दिसत नाहीये."

हे खरं होतं आणि मला ते नवीन होतं. डोळ्याला धो धो दिसणारा पाऊस कॅमेऱ्यात बहुधा उतरत नाही. थेंब बारीक आणि पारदर्शक, मागे पांढुरकं आभाळ, त्यात तो विरघळून जातो. पाऊस दिसायला दोन गोष्टी लागतात, मागे काळोखी आणि थेंबांच्या पलीकडून येणारा उजेड. म्हणून तर सिनेमात होजपाइपने जाड थेंबांचा पाऊस पाडतात. खरा पाऊस पडत असला तरी पाडतात. म्हणजे खरं दिसावं म्हणून खोटं करावं लागतं. आमच्या खाचराच्या पश्चिमेला सुरूची दाट रांग होती, आणि दहाच्या सुमाराला पूर्वेचं आभाळ थोडं उघडतं. पण पूर्वेचा उजेड सुरूवर पडला तर पाऊस समोरून उजळतो. त्याला तो मागून हवा होता. मग तो दुपारी चारपर्यंत थांबला. तेव्हा सुरूच्या शेंड्यांवरून उतरता उजेड आला, खाली झाडांची काळी भिंत तशीच, आणि खरोखर एकेक धार चांदीच्या तारेसारखी दिसायला लागली. इथवर मला काही खुपलं नाही. त्याने उजेडासाठी स्वतः दिवसभर वाट पाहिली होती, खाचराच्या चारी बाजू स्वतः तुडवल्या होत्या. आपलं अंग हलवून त्याला जे मिळालं, ते मिळवायचा त्याला हक्क होता.

पण मग तो म्हणाला, "इथे बैल हवेत."

बैल खालच्या खाचरात काम करायचे, आणि त्यांचं काम परवा होतं. तिथे मागे सुरू नव्हते, उघडी खाडी होती. तिथे पाऊस दिसणार नव्हता. वरच्या खाचरात बैलांचं काहीच काम नव्हतं. चिखल झालेला, फळी फिरलेली, अर्धी लावणी झालेली. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "खाली करतातच ना बैलाने? मग वर केलं तर खोटं काय त्यात? जागा बदलली एवढंच."

मला उत्तर सुचलं नाही. मी आबांकडे गेलो. आबांनी खाचराकडे पाहिलं, सुरूकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं. मग गोठ्याकडे गेले. जाताना म्हणाले, "मोऱ्याचा खांदा जरा हुळहुळा हाय." मी ऐकलं. मित्राला सांगितलं नाही. म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

पहिल्या फेरीत आबांच्या अंगावर निळं प्लास्टिक होतं. ते नको म्हणाला. माळ्यावर आजीचं इरलं होतं, ते मीच काढून आणलं. दुसऱ्या फेरीत पाऊस थांबला. तिसऱ्या फेरीला पाऊस आला, पण खंड्या थबकला, त्याला कळेना की इथे काय चाललंय. जनावराला कामाची दिशा कळते. नांगरलेल्या, फळी फिरलेल्या जमिनीत पुन्हा नांगर घेऊन चालायचं, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. मग चौथी, पाचवी. दर वेळी मित्र हात वर करून म्हणायचा, "आबा, पुन्हा एकदा!" फार अदबीने म्हणायचा. त्याच्या अदबीमुळेच कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. सहावी फेरी झाली आणि तो आनंदाने ओरडला. तीच ही चौदा सेकंदं.

मग त्याला सकाळचा धुक्यात गेलेला कोपराही हवा होता. या उजेडात बाया लावताना. रिकामी जागा दुसऱ्या टोकाला होती, तिथून सुरू दिसत नव्हते. म्हणून त्याने विचारलं, हा कोपरा उपटून पुन्हा लावता येईल का? त्यावर बाया हसल्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "लावलेलं उपटायचं? कुणी मेलं का?" तरी उपटलं. कारण आबांनी मान हलवली होती, आणि आबांनी हलवली होती कारण मी उभा होतो. चारेक हात रुंद, पंधरा हात लांब पट्टा. सकाळी लावलेलं, संध्याकाळी उपटून पुन्हा लावलेलं.

रात्री पडवीत चहा पिताना मित्र फार खुशीत होता. मी त्याला विचारलंच, की हे डॉक्युमेंटरीत चालतं का. त्याने मला रॉबर्ट फ्लाहर्टीची गोष्ट सांगितली. उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमो माणसावर त्याने १९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ काढला, डॉक्युमेंटरीचा पाया म्हणून तो आजही शिकवतात. त्यात बर्फाच्या घरात कुटुंब झोपलेलं दिसतं. पण तेवढ्या लहान घरात कॅमेरा मावेना आणि उजेडही नाही, म्हणून अर्धंच घर बांधलं, एक बाजू उघडी ठेवून. ती माणसं तेव्हा बंदुका वापरत होती, फिल्ममध्ये भाल्यांनी शिकार करतात. नानूक हे त्याचं खरं नावही नव्हतं, तो होता अलाकारियालाक. आणि पुढे १९३४ साली आयर्लंडजवळच्या अॅरन बेटांवर त्याने फिल्म काढली. तिथल्या कोळ्यांनी होडीतून भाला मारून मोठे शार्क धरायचं पन्नासेक वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. ते फिल्मसाठी त्यांना पुन्हा शिकवावं लागलं. "आणि तरी त्यात समुद्र खरा आहे," मित्र म्हणाला. "माणसाला एकेकाळी कसं जगावं लागत होतं ते खरं आहे."

मी अर्नाळ्याचा. भर समुद्रात होडी घातली म्हणजे काय असतं ते कोळीवाड्यात लहानपणापासून ऐकत आलोय. मला त्या रात्री एकच प्रश्न पडला, आणि तो मी विचारला नाही. त्या अॅरनच्या होडीतली माणसं जर बुडाली असती, तर ती मासळीसाठी बुडाली असती की चित्रासाठी?

माझं म्हणणं असं नाही की मांडून काढलेलं सगळं खोटं. फोटो काढताना आई पोराचे केस विंचरते, लग्नात भटजी फोटोग्राफरसाठी अक्षता धरून थांबतात. त्यात कुणाचं काही जात नाही. इरल्याचंही मला फार वाटत नाही. इरलं खोटं होतं, पण त्याने कुणाला इजा झाली नाही. माझा खटका वेगळ्या जागी आहे. कॅमेऱ्याची ‘पुन्हा एकदा’ ही गोष्ट शेतात नसते. नाटकात असते, शाळेत असते, गणितात असते. शेतातलं प्रत्येक काम आधीच्या कामाच्या पाठीवर बसलेलं असतं, आणि ते दुसऱ्यांदा केलं म्हणजे आधीचं पुसलं जात नाही, त्याच्यावर ओझं चढतं. हे मला त्या दिवशी बोलता आलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत शेताने मला ते दाखवून दिलं.

पहिलं, बैल सहा वेळा जिथून गेले तिथे फळीचा सपाटपणा मोडला. खुरांचे खड्डे ढोपराच्या अर्ध्यापर्यंत. आबांनी दुसऱ्या दिवशी फावड्याने जमेल तेवढं सारखं केलं. तरी आठवड्याभराने तिथे रोपांच्या मध्ये पाण्याचे डोळे दिसायला लागले, त्यांतले चूड कुजले होते.

दुसरं, तो पट्टा. आवण उपटताना मुळं तुटतातच. लावल्यावर पाच-सहा दिवस रोप पिवळं पडून बसतं, मग नवीन मुळं फुटली की हिरवं होतं. त्या पट्ट्यातल्या रोपाची मुळं एका दिवसात दोनदा तुटली. आजूबाजूचं हिरवं झालं तरी तो पट्टा पिवळाच. पुढे सावरला, पण मागे पडला तो पडलाच. सप्टेंबरअखेर बाकीचं खाचर निसवलं तेव्हा त्या पट्ट्यात नुसती पानं होती, तो आठवड्याने निसवला. कापणीच्या वेळी बाकीचं सोनेरी आणि मध्ये हिरवा चौकोन. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, तिथे दुसरं बियाणं टाकलं का? आबा म्हणायचे, "व्हय, मुंबईचं."

तिसरी गोष्ट मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मोऱ्याचा खांदा वर आला होता. वशिंडाच्या पुढे, जिथे जू बसतं तिथे, बोट दाबलं तर खड्डा राहील अशी सूज. पावसाळ्यात हे लवकर होतं. कातडी भिजून मऊ पडते, जू भिजून जड होतं आणि त्यात थांबणं-निघणं, थांबणं-निघणं झालं की घासतं. सरळ चार तास नांगर ओढणारा बैल एवढा दुखावत नाही, जेवढा दर पाच मिनिटांनी झटका देऊन निघणारा दुखावतो, हे आबा मला त्या दिवशी शेकता शेकता म्हणाले. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांच्या वर नाही, सलग पाच तासांच्या वर नाही. त्या मापाने बघितलं तर आमची जोडी दीड तासही जुंपलेली नव्हती. नियमात सगळं बसत होतं. खांद्यात बसत नव्हतं.

सुजलेल्या खांद्यावर जू ठेवलं की ती जखम होते आणि तो बैल मग हंगामातून उठतो. म्हणून मीठ-पाण्याचा शेक आणि विश्रांती, बारा दिवस. एकटा खंड्या काय करणार? आणि खालची दोन खाचरं तर बैलावाचून होणारी नव्हती. शेजाऱ्यांकडे मागायला जोडीच उरलेली नव्हती, गावात आमचीच शेवटची होती. मी आणि आबांनी फावड्याने चिखल करायला घेतला. दोन दिवसांत अर्धा तुकडासुद्धा झाला नाही, आबांना ताप आला. शेवटी मोऱ्या उठल्यावरच ती चिखलणी झाली. तोवर तिथलं आवण पंचवीस दिवसांचं सदतीस दिवसांचं झालं होतं. जून रोप आतल्या आत गाठीवर आलेलं असतं. त्याला फुटवे फुटायला वेळच राहत नाही, ते लांबट होतं आणि आहे तेवढ्या काड्यांवर निसवतं. असं असेल तेव्हा चुडात दोनाऐवजी चार-पाच काड्या लावतात, आबांनीही लावल्या. तरी जिथे चार पोती व्हायची तिथे अडीच झाली.

दीड पोतं भात. मित्राने जाताना आबांच्या हातावर पैसे ठेवले होते, ते त्याहून जास्तच होते. म्हणजे पैशाने हिशेब मिटला होता असं कुणी म्हणेल. मी खूप दिवस स्वतःला तेच सांगत होतो. पण तो हिशेब आबांशी झाला, मोऱ्याशी नाही. आबांना नाही म्हणायची सोय होती, निदान नावाला तरी. बायांना हसायची सोय होती. मोऱ्याला फक्त थांबायची सोय होती, आणि तो थांबला की आम्ही म्हणायचो, चित्र बिघडलं. आपल्या कामासाठी जनावर जुंपणं हाच मुळात अन्याय आहे, असं मानणारे लोक आहेत. मी शेतकऱ्याचा मुलगा, तेवढ्यापर्यंत मी जात नाही. बैल आणि आम्ही एकाच खाचरातलं खातो, तो पेंढा, आम्ही तांदूळ. नांगर ओढताना त्याचा घाम त्याच्याच वैरणीत जातो. त्या सहा फेऱ्यांतलं मात्र त्याच्या गव्हाणीत काहीही आलं नाही.

पुढे कधीतरी दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचलं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या वेलाची छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक दिवस थोडं थोडं चित्र घेत राहिले. पडद्यावर बी फुटून वेल वर येताना दिसला. लोक थक्क झाले, पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळालं. म्हणजे आपल्याकडच्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा रोपाकडे पाहिलं तेव्हा तो रोपाच्या वेळेने चालला होता. वाटाण्याला कुणी म्हणालं नाही, पुन्हा एकदा. मला हे वाचून माझ्या मित्राचा राग आला नाही. त्यानेही सकाळी तुसाच्या पिशवीवर तेच केलं होतं, आणि दुपारी चारपर्यंत उजेडासाठी थांबला होता. परवापर्यंत थांबला असता तर खालच्या खाचरात मागे काळोखी नसलेली, पाऊस न दिसणारी, पण खरी चिखलणी त्याला मिळाली असती. ते दोन दिवस त्याच्याकडे नव्हते असं तो म्हणाला. आणि मी त्याला थांब म्हणालो नाही, कारण मलाही ते सुरूपुढचं चित्र हवं होतं. आपला बाप असा दिसावा असं मलाही वाटत होतं.

फिल्म झाली, बावीस मिनिटांची. त्याने तबकडी पाठवली. तुसाच्या पिशवीवरून घेतलेली बोटं त्यात आठ सेकंद आहेत. आबांनी ती एकदाच पाहिली, शेजाऱ्यांबरोबर, काही बोलले नाहीत. मोऱ्या-खंड्या पुढच्या वर्षी विकले. आबा २०१६ मध्ये गेले.

ते गेल्यावर मी ती चौदा सेकंदं पुष्कळदा बघितली. आधी माया म्हणून, मग चुका शोधायला. चिखलणीची चुकीची वेळ दिसते का? दिसते. नांगराच्या आधीच खाचर तळव्यासारखं सपाट आहे, डाव्या कोपऱ्यात लावलेले चूडसुद्धा दिसतात. शेतकरी माणूस बघेल तर पहिल्या सेकंदाला ओळखेल. मोऱ्या मान किंचित बाहेर काढून चालतोय, तेही दिसतं. पण एक गोष्ट मला कधी दिसली नाही. ती आईने दाखवली.

यंदा पावसात मुलीने तिला टीव्हीवर लावून दाखवलं. आईची नजर आता अधू आहे, ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. एकदा पाहिलं, मग म्हणाली, परत लाव. मग म्हणाली, "नांगर लागतच नाय जमिनीला."

मी म्हटलं, म्हणजे?

"पाणी बघ ना. फाळ आत असता तर मागे लाल गढूळ उठलं असतं. नुसती रेघ पडतेय. उचलून धरलाय त्यांनी."

मी पुन्हा लावलं. नांगराच्या मागे खरंच फक्त एक बारीक रेघ होती, होडीमागे पडते तशी. आणि आबांचे दोन्ही हात रुमण्यावर दाबलेले नव्हते, खालून धरलेले होते. वळणावर नांगर उचलतात तसे. वळणावर चार पावलं उचलायचा असतो. आबांनी तो अख्खी सहावी फेरी उचलून नेला होता. बैलाला ओढ लागू नये आणि फळी मोडू नये म्हणून. इरल्याखाली, पावसात, तोंडावर काही न दाखवता. खाचरातलं सगळ्यात मोठं नाटक त्यांनीच केलं होतं, आणि आम्ही सगळे त्याला फसलो होतो.

"त्या रात्री दंड चोळून घेतले होते माझ्याकडून," आई म्हणाली. "मी विचारलं, नांगर धरून एवढे दुखतात? म्हणाले, धरून नाय."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मोऱ्याचा खांदा दाखवलाय का यात कुठे पुढे?"

मी म्हटलं, नाही.

"मग बंद कर," ती म्हणाली, आणि शेवया हलवायला आत गेली.